सहा लाल तारा

लिफ्टमास्तरांना गेल्या वर्षी मुलाखतीत विचारलं होतं, "तुमच्यातला एखादा दोष सांगा." मास्तरांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगून टाकलं, "तसा काही नाही." समोरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, कागदावर काहीतरी खरडलं, आणि संध्याकाळच्या डिप्लोमाची यादी लागली तेव्हा मास्तरांचं नाव तिच्यात कुठेच नव्हतं.

हा डिप्लोमा नोकरी करणाऱ्यांसाठी होता, विद्युत अभियांत्रिकीचा. जागा वीस आणि अर्ज दीडशे. मास्तरांनी बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. नुसत्या आवाजावरून ब्रेक घासतोय की दोर सैल झालाय हे ते सांगत. पण लिफ्टमधले जुने खटखटणारे रिले-स्विच जाऊन इलेक्ट्रॉनिक कार्डं आली, तेव्हापासून कंपनीतली कालची पोरं लॅपटॉप जोडून बसत आणि मास्तरांनी त्यांना टॉर्च धरायचा. त्रेचाळिसाव्या वर्षी टॉर्च धरणं त्यांच्या जिवावर येत होतं. त्यात पंचेचाळिशीनंतर अर्ज घेत नाहीत, म्हणजे हा डाव गेला की उरलाच तर एखादा. म्हणून यंदा त्यांनी मुलीला गुरू केलं.

मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि मुलाखतीला कशी उत्तरं द्यायची हे तिला चांगलं ठाऊक होतं. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला ती वही घेऊन बसली. शेजारी आई, समोर मटाराच्या शेंगांचा ढीग. पलीकडे इस्त्रीचा शर्ट घातलेले मास्तर.

"हा अभ्यासक्रम का करायचाय?" मुलीने विचारलं.

"मला ज्ञानाची पहिल्यापासूनच आवड असून—"

"बाबा, पेपर वाचायला सुद्धा तुम्हाला कंटाळा येतो."

आई शेंगा सोलता सोलता फसकन हसली. मास्तर जरा गोरेमोरे झाले.

"मग काय सांगू?"

"खरं काय आहे ते."

मास्तर म्हणाले, "कार्ड जळलं हे मला कळतं. मी ते बदलतो, लिफ्ट चालू होते. पण ते का जळलं ते कळत नाही. महिन्याने पुन्हा जळतं. ते का जळतं, तेच मला शिकायचंय."

"हे लिहा," मुलगी म्हणाली. "नाही, लिहू नका. पाठ कराल."

पाठांतराची भीती खरीच होती. पहिल्या दोन दिवसांत मास्तरांनी सगळी उत्तरं घोकली आणि बिघाडाचे नंबर वाचावेत तशी म्हणून दाखवली. मुलीने प्रश्नांचा क्रम बदलला आणि गाडी रुळावरून घसरली. मग तिने नियम केला: प्रत्येक उत्तराचे फक्त तीन शब्द लक्षात ठेवायचे, बाकी त्या वेळी बोलायचं, आणि दीड मिनिटात थांबायचं.

विषयाच्या प्रश्नांना वेगळीच अडचण. मास्तरांचं सगळं ज्ञान हातात. तोंडाने सांगायची वेळ आली की हात हवेत नाचायचे आणि वाक्य "हे असं, आणि ते तसं" यावर संपायचं. मुलीने त्यांना हात टेबलाखाली ठेवायला लावले. "आता सांगा, प्रत्येक मजल्याच्या दाराचा स्विच कसा जोडतात?"

घाम पुसत, पण हात वर न काढता मास्तरांनी सांगितलं, "एकामागे एक. सिरीजमध्ये. सगळी दारं लागली तरच मोटरला वीज. एक जरी उघडं राहिलं तरी साखळी तुटते आणि लिफ्ट जागची हलत नाही."

"मला सुद्धा कळलं," आई म्हणाली, आणि मास्तरांची छाती दोन इंच फुगली.

राहिला तो मेला दोष. मास्तरांनी एकेक नमुना काढून पाहिला. मी फार कष्ट करतो. मला चुका सहन होत नाहीत. मुलगी एकेकावर काट मारत गेली. "हे सगळे असंच सांगतात बाबा. खरा दोष सांगा, आणि त्यावर तुम्ही काय केलंत ते."

मास्तरांनी उठून कामाच्या पिशवीतून कातडी पाकीट काढलं आणि त्यातल्या सहा लाल तारा टेबलावर मांडल्या. सगळ्या एका लांबीच्या, प्रत्येकीवर नंबर.

"अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट," ते म्हणाले. "कुठल्या दाराचा स्विच बिघडलाय ते शोधायला एकेका स्विचवर अशी तार लावून बघतात. मी लावली. स्विच सापडला, साफ केला, आणि तार तशीच ठेवून निघालो. लिफ्टला वाटलं दार लागलंय. एक म्हातारे गृहस्थ आत पाऊल टाकत होते, तेवढ्यात लिफ्ट वर निघाली. मागच्या माणसाने त्यांची कॉलर ओढली म्हणून वाचले. काठी खाली खड्ड्यात पडली."

आईचे हात थांबले.

"तक्रार आली तसा मी परत जाऊन तार काढली. नोंदवहीत लिहिलं, स्विच साफ केला. तारेचं लिहिलंच नाही. कुणालाच सांगितलं नाही."

"दोन दिवस तुम्ही जेवला नव्हतात," आई हळूच म्हणाली. "मी मेली पित्ताचं औषध देत बसले."

मास्तरांचे डोळे भरून आले. अकरा वर्षं उरावर बाळगलेलं ओझं मटाराच्या टरफलांसमोर उतरलं होतं. आईने भीती बोलून दाखवली, हे ऐकल्यावर कॉलेजात प्रवेश देतील का? मुलीचा निर्णय झाला होता. "हेच सांगायचं. आणि पुढचं विसरू नका, त्यानंतर काय केलंत?"

"त्यानंतर सहाच तारा. दाराबाहेर पाऊल टाकण्याआधी मोजायच्या आणि वहीत आकडा लिहायचा."

मुलाखतीच्या दिवशी खोलीत दोन प्राध्यापक आणि मधोमध चष्मेवाल्या विभागप्रमुख बाई. त्यांनी सुरुवातच विषयापासून केली. मास्तर डगमगले नाहीत. हात मांडीवर ठेवून त्यांनी सिरीजची साखळी सांगितली. का शिकायचंय ते दीड मिनिटाच्या आत सांगितलं. एका प्राध्यापकांनी कार्डावरच्या एका भागाचं काम विचारलं. मास्तर स्वच्छ म्हणाले, "ते मला येत नाही. त्यासाठीच आलोय."

मग दोषाचा प्रश्न आला. मास्तरांनी पाकीट उघडलं, तारा टेबलावर ठेवल्या आणि काठीसकट सगळं सांगितलं.

"नोंद का केली नाहीत?" बाईंनी विचारलं.

"भ्यालो. तार विसरलो ही चूक होती, पण लपवलं ते जास्त वाईट. आता लिहितो."

बाई एकेक तार हातात घेऊन नंबर पाहत राहिल्या. दुसऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, शिक्षण सुटून वर्षं झालेल्या विद्यार्थ्याला गणित जड जातं, त्याचं काय, आणि मास्तर त्यांच्याकडे वळून रोज पहाटे मुलीकडून शिकत असल्याचं सांगू लागले. शेवटी "या तुम्ही" असं झालं. मास्तरांनी तारा गोळा केल्या, नमस्कार केला आणि दाराशी गेले.

तिथे ते थांबले. पाकीट उघडून मोजल्या. पाच. पुन्हा मोजल्या. पाचच. बाहेर पुढचा उमेदवार उभा होता, आतून सगळे पाहत होते. मास्तर मागे वळले.

"बाई, माफ करा. एक तार राहिलीय. चार नंबरची."

बाईंनी समोरची फाइल उचलली. खाली लाल तार होती.

"मीच ठेवली होती," त्या म्हणाल्या. "मोजता की नुसतं सांगता, ते बघायचं होतं."

मास्तरांनी तार घेतली, पाकिटात घातली आणि खिशातून छोटी वही काढून तिथेच उभ्या उभ्या आकडा लिहिला. सहा.

"यादी शुक्रवारी लागेल," बाई म्हणाल्या. मग चष्मा काढून हसल्या. "प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी हे पाकीट घेऊन या. बाकीच्या एकोणीस जणांना दाखवायचंय."