सरळ गुडघ्याची ताकद

चिखलीत माझं फिजिओथेरपीचं दुकान आहे. दवाखाना म्हणावं एवढं मोठं नाही, दोन खाटा, एक गादी, भिंतीला टेकलेली सायकल. तिथे एके वर्षी एक मावशी यायच्या. वांगी आणि मिरची लावणारं घर. पाणी द्यायला गेल्या असताना मळ्यातल्या दगडावर पडल्या आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन करून तार घातली होती. सहा आठवडे पाय सरळ ठेवून पट्ट्यात.

त्यांच्यासोबत त्यांची मुलगी यायची. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. आईचा व्यायाम होईपर्यंत रिकामं बसवत नाही म्हणून ती गादीवर उतरायची आणि प्लँक करायची. कोपरं जमिनीवर, पायाची बोटं जमिनीवर, मधलं अंग फळीसारखं. शेजारच्या खाटेवर मावशी गुडघ्याखालच्या टॉवेलच्या गुंडाळीवर गुडघा दाबायच्या. मांडीच्या पुढचा स्नायू घट्ट करायचा, दहा आकडे धरायचा, सोडायचा. दोघींनाही मी मोठ्यानं मोजायला सांगितलं होतं. जोर लावताना माणूस श्वास कोंडतो, रक्तदाब वाढतो. तोंडानं आकडे चालू असले की श्वास चालू राहतो. मावशी आपल्या ठसक्यात मोजायच्या, मुलगी घाईत. एक मागे, एक पुढे.

एके दिवशी मुलगी म्हणाली, "म्याडम, दोन मिनिटं प्लँक धरते मी. पोट दगडासारखं झालंय. मंग सिटअप्सच काऊन जमून नाई राह्यल्या? पाठीवर झोपून उठताना निम्म्यात अडकते."

मला असल्या प्रश्नांनी बरं वाटायचं. मी तिच्या पोटावर बोट ठेवून दाखवलं. पुढचा लांब स्नायू, बाजूचे तिरपे, आत पट्ट्यासारखा कमरेभोवती असलेला एक. शिवाय ढुंगणाचे, मांडीचे, आणि कोपरं जमिनीत रोवून खांद्याचं पातं फासळ्यांना धरून ठेवणारे. हे सगळे काम करतात, पण हलत काही नाही. कंबर खाली झुकू न देणं एवढंच त्यांचं काम.

"पण एका जागी धरलं, की ताकद मुख्यतः त्या जागी वाढते," मी म्हटलं. "कोन बदलला, की फायदा कमी होतो. थोडा आजूबाजूला मिळतो, लांब नाही. प्लँकमध्ये कंबर सरळ असते. उठताना पोट आखडतं, लहान होतं. तिथे तू कधी धरलंच नाहीस. मधल्या जागी थांबून धर, मग येईल."

"म्हंजे जिथं घाम गाळला तिथंच ताकद," मुलगी म्हणाली.

"हाव, तसंच," मी म्हटलं.

मावशी पलीकडे ऐकत होत्या. टॉवेल दाबत. गुडघा सरळ. तोच नियम त्या गुडघ्यालाही लागू आहे, हे तेव्हा मला सुचलं नाही; का सुचलं नाही, हे मी आजही कुणाला नीट सांगू शकत नाही.

पुढच्या आठवड्यांत डॉक्टरांनी गुडघा वाकवायला परवानगी दिली. मी हातानं हळूहळू वाकवत नव्वद अंशांच्या पुढे नेला. गुडघा वाकत होता, दुखणं कमी झालं होतं. पण ताकदीचा व्यायाम तोच राहिला, टॉवेल दाबणं आणि पाय सरळ उचलून धरणं. वाटी नवीन जुळलेली असताना वाकलेल्या गुडघ्यावर जोर द्यायचा नाही, हे सुरुवातीला बरोबर होतं. नंतर ते बदलायचं असतं. मी बदललं नाही. मावशी झटपट सुधारत होत्या, खाटेवर पाय सरळ उचलून धरला की माझ्या हाताच्या दाबानंही हटत नव्हता. मी दोन्ही पाय सरळ ठेवून तपासले आणि म्हटलं, "मावशी, हा पाय आता त्या पायासारखाच झाला."

हे वाक्य माझं आहे. ते दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

चार दिवसांनी त्या सुलतानपूरला बहिणीकडे निघाल्या. मुलगी सोबत होती, तिनंच मला नंतर सांगितलं. बसला गर्दी होती. मावशींच्या एका हातात पिशवी. त्यांनी उजवा पाय वर ठेवला. एसटीची पहिली पायरी उंच, पाय ठेवला की गुडघा चांगलाच वाकतो, आणि तिथून सगळं अंग एका पायावर उचलायचं. अर्ध्यात गुडघा सुटला. मुलगी म्हणाली, "आई ओरडली बी नाई म्याडम. आश्चर्य वाटल्यासारखी खाली गेली." मागे फलाटाची दगडी कडा होती. खुबा मोडला.

मी दवाखान्यात भेटायला गेले. सहा खाटांच्या खोलीत त्या खिडकीशेजारी होत्या. मी काय बोलावं याची तयारी करून गेले होते, पण त्याच आधी बोलल्या.

"तुम्ही म्हनल्या ना, पाय त्याच्यासारखाच झाला. मंग मी तोच पुढं टाकला. मले वाटलं, पाहू तं."

त्यात रागाचा सूर नव्हता. रागावल्या असत्या तर मी घरी जाऊन झोपू शकले असते.

"मावशी, मी चुकले," मी म्हणाले. "सरळ पायाची ताकद वाढवली. वाकलेल्या पायाची नाही. पायरीवर चढवून पाहायला पाहिजे होतं. बरा पाय आधी टाका, हेही सांगितलं नाही."

त्यांनी पायावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाल्या, "माह्या पोरीले तं सांगतलं होतं तुम्ही."

तीन महिन्यांनी त्या वॉकर घेऊन पुन्हा आल्या. त्यांच्या मुलीनं आग्रह केला, की त्यांना स्वतःलाच यायचं होतं, हे मी विचारलं नाही. आता मी कोनांनी काम केलं. खुर्चीवर बसून पाय थोडा वाकवून धरणं, मग जास्त, मग त्याहून जास्त. भिंतीला पाठ टेकून थोडं खाली सरकून थांबणं, दर आठवड्याला जरासं खाली. मग एका विटेच्या उंचीवर चढणं, मग दोन. वाटीचं दुखणं पाहत पाहत, माझा हात त्यांच्या हाताशी ठेवून. थांबल्या जागच्या ताकदीवर भागत नाही, हलतानाची वेगळी सवय लागते, म्हणून शेवटी पायऱ्याच.

त्या दोन विटा चढल्या. घरात फिरू लागल्या, खुर्चीतून उठू लागल्या. मळ्यात परत गेल्या नाहीत. एसटीत तर नाहीच. "जीपनं जातो मी," म्हणायच्या, "तिथं कुणीतरी हात देते."

मुलगी भरतीत निवडली गेली. पेढे घेऊन आली तेव्हा म्हणाली, "म्याडम, निम्म्यात थांबून धरत गेली ना, सिटअप्स जमल्या." मी पेढा घेतला, खाल्ला, चव कळली नाही.

आता बसस्टँडवर मी कुणाच्या चेहऱ्याकडे पाहत नाही. पायरीवर ठेवलेले गुडघे पाहते. किती वाकला, किती थरथरला. संध्याकाळी दुकानात एकटी असताना खाटेवरचा टॉवेल सरळ करते तेव्हा मावशींचे आकडे ऐकू येतात, ठसक्यातले. सात, आठ. मी थांबते. नऊ येत नाही. दर वेळी मी आठाशी थांबून ऐकते, आणि बाहेर जीपवाला चिखली-मेहकर ओरडतो तेव्हाच भानावर येते.