डावं फुप्फुस

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या एका इस्पितळात भूल द्यायची. एकदा कन्हानच्या एका खाणकामगाराच्या स्वरतंतूंमधून मी लाल रबरी नळी श्वासनलिकेत सरकवली. छातीत दोन्हीकडे श्वास सारखा ऐकू आला. मग सर्जननी त्याच्या डोक्याखाली जाड उशी सारली. मान वाकली की नळी खोल जाते, म्हणून मी पुन्हा स्टेथोस्कोप लावला. डावी बाजू मुकी! नळी श्वासनलिकेच्या उजव्या, जास्त सरळ फाट्यात घुसली होती. हवा एकाच फुप्फुसात जात होती.

"आता काहून थांबल्या, बाई?" सर्जन खेकसले.

"सुरी खाली ठेवा."

नळीला जागी धरणारा टोकाचा फुगा सैल करून मी ती जराशी मागे ओढली. डावीकडे श्वास परतला.

पुढे स्वतः निवृत्त होईपर्यंत ते सर्जन सुरी उचलण्याआधी विचारत, "बाई, डावीकडे ऐकलं?"

मी मुद्दाम दोनदा ऐकायची.