नागोरावांचा एक इंच

नागोराव शिंप्यांच्या मापाबद्दल गावात दोन मतं होती. एक नागोरावांचं आणि दुसरं बाकी सगळ्या गावाचं. नागोरावांच्या मते त्यांच्या टेपला अर्ध्या सुताचाही फरक माहीत नव्हता. गावाचं म्हणणं असं की नागोरावांचा सदरा अंगावर चढतो, टिकतो, धुतला की आणखी बरा बसतो; पण नवा असताना माणूस त्यात थोडा भाड्यानं राहायला आल्यासारखा दिसतो.

बाभुळगावहून सात किलोमीटर आत, बसथांब्याला लागून त्यांचं टिनाचं दुकान होतं. नागोराव टेप लावून आकडा पुकारायचे, त्यांची बायको इंदुताई वहीत लिहायची आणि त्या आकड्यावर कापड कापायची. तीस वर्षं हे असंच चाललेलं. गिऱ्हाईक गेलं की इंदुताई नवऱ्याच्या बोलण्यातलं जास्तीचं कापड आपल्या पद्धतीनं छाटायची, ती गोष्ट वेगळी.

दोन हजार सहाचं साल होतं. कापसाला भाव नव्हता, म्हणून लग्नं पुढं ढकलली जात होती, आणि ज्याचं ढकलता येत नव्हतं तो नवरदेव यवतमाळहून तयार कपडे आणत होता. गावाच्या चारी अंगांनी कापूस फुटून पांढराशुभ्र पसरलेला, आणि गावातल्या एकुलत्या एक शिंप्याकडं शिवायला सदरा नव्हता. नागोराव दिवसभर टेप गळ्यात घालून रस्त्याकडं बघत बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्याची छाती नजरेनंच मोजायचे.

अशात एका सकाळी महादेवाच्या देवळाजवळ दोन पोरं उतरली. अमरावतीला घरं बांधायचं शिक्षण घेणारी दीपा आणि तिच्या वर्गातला कपिल. परीक्षेसाठी त्यांना एका जुन्या इमारतीचा नकाशा करून द्यायचा होता आणि त्यांनी हे देऊळ निवडलं होतं. देऊळ हेमाडपंती. दगडावर दगड नुसते खाचांत बसवलेले, मध्ये चुन्याचा थेंब नाही. पुढं मंडप, त्यात उत्तरेला चार आणि दक्षिणेला चार असे खांब. खाली चौकोनी, मध्ये आठकोनी, वर गोल, आणि त्याच्यावर पोट पुढं काढून छत तोलणारे बुटके गण.

आल्या आल्या कपिलनं देवळाजवळच्या विहिरीची खोली मोजायला घेतली. खोली कळली नाही, पण छोटी टेप तिच्या तळाशी पोचली. उरली ती तीस मीटरची मोठी टेप. लांब मापाला ती ठीक. पण खांबाच्या कंगोऱ्यांत तिला वळवणं म्हणजे म्हशीला बोळातून फिरवणं.

पायरीवर भगवानराव बसले होते. ते रोजच बसत. गावातल्या प्रत्येक कामाला ते हजर असायचे आणि एकाही कामाला त्यांचा हात लागलेला नव्हता.

"टेपच पायजे ना?" ते म्हणाले. "आमच्या नागोरावले बोलवा. टेप बी हाय अन् माणूस बी रिकामा हाय."

नागोराव आले ते धुतलेला सदरा घालून. दीपानं त्यांना काम समजावलं. मंडपाची अखंड लांबी ती आणि कपिल मोठ्या टेपनं घेणार. काकांनी एकेक खांब आणि दोन खांबांमधली मोकळी जागा असे तुकडे मोजायचे. शेवटी तुकड्यांची बेरीज अखंड मापाशी जुळली पाहिजे. मग तिनं कागदाच्या कोपऱ्यातली छोटी चौकट दाखवली.

"ज्यानं मापं घेतली त्याचं नाव इथं येतं, काका. मापं जुळली तर तुमचं येईल."

नागोरावांनी ती चौकट पुन्हा एकदा पाहिली. तीस वर्षांत त्यांनी अर्धं गाव झाकलं होतं, पण कुठल्याच कॉलरीत त्यांचं नाव नव्हतं. यवतमाळच्या कपड्यांना मात्र मागं चिंधीएवढी का होईना, नावाची पट्टी असायची.

"जुळते कशी नाई," ते म्हणाले. "मी मोजून राह्यलो."

दिवसभर ते खांबांना बगलेत घेऊन फिरले. इंदुताई वही घेऊन मागं. "खांब पहिला, सतरा! मधली जागा, एकसष्ट!" असा पुकारा मंडपात घुमत होता. कंगोऱ्यांचा आकार कागदावर नीट उतरेना, तेव्हा नागोरावांनी जुनं वर्तमानपत्र खांबाला दाबून धरलं, बोटानं घडी पाडली आणि कात्रीनं असा नमुना कापून दिला की दीपानं तो तसाच ठेवून रेघ ओढली. कपिलनं त्यांना "सर" म्हटलं. नागोराव त्या शब्दावर चहा न पिता संध्याकाळपर्यंत टिकले.

संध्याकाळी शाळेच्या ओसरीत दीपानं बेरीज केली. उत्तरेच्या रांगेत चार खांब आणि तीन जागा, मिळून दोनशे एक्कावन्न इंच. मोठी टेप सांगत होती दोनशे चव्वेचाळीस. दक्षिणेला तुकड्यांची बेरीज दोनशे पंचावन्न, टेपवर दोनशे अठ्ठेचाळीस. दोन रांगांतही आपसात फरक. पण तिथं टेप सरकली असेल, असं तिला वाटलं.

"काही हरकत नाही, काका," ती फार गोड बोलली, आणि तेच वाईट होतं. "आम्ही उद्या पुन्हा मोजू. संध्याकाळच्या गाडीच्या आत होईल."

"अन् चौकट?"

दीपानं कागदाची गुंडाळी केली. "जुळलं तरच ना, काका."

दिवेलागणीपर्यंत बातमी गावभर झाली होती. भगवानराव दुकानाशी थांबून म्हणाले, "नागोराव, महादेवाले बी ढगळच शिवलं म्हंतात."

नागोरावांनी नुसती मान हलवली. त्यांनी भगवानरावांचं मान्य केलं, हीच इंदुताईच्या दृष्टीनं आजारपणाची पहिली खूण होती.

सकाळी दोघं सगळ्यांच्या आधी देवळात गेले. नागोरावांनी पहिल्या खांबाच्या तळाला टेप लावली, डोळे टेपजवळ नेले आणि पुकारलं, "सतरा."

"अवो," इंदुताई म्हणाली, "बोट कुठी हाय तुमचं?"

बोट सोळावर होतं. नागोरावांनी बोटाकडं पाहिलं. पुन्हा मोजलं. बोट सोळावर, तोंडातून सतरा. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड गच्च मिटून मोजलं. सोळा.

सुती कापड पहिल्या धुण्यात आकसतं. म्हणून शिकत असतानाच उस्तादानं त्यांना सवय लावली होती की आकडा पुकारतानाच एक इंच चढवायचा. तीस वर्षांत तो इंच जिभेत इतका मुरला होता की नागोरावांना स्वतःलाच तो ऐकू येत नव्हता.

"तुले मालूम होतं?" त्यांनी विचारलं.

"मले तर वाटे तुम्ही मुद्दाम टाकता. पन दगडाले कोन धुते, हे मले काल सुचलंच नाई."

आता प्रश्न मोठा होता. टेप जुनी झाली, ताणली गेली, असं म्हणून सुटता आलं असतं. पण मग मापं वाया गेली असती. आणि खरं सांगावं, तर ते ऐकायला पायरीवर भगवानराव येऊन बसलेच होते. दीपा आणि कपिल आल्यावर नागोराव मंडपाच्या मधोमध उभे राहिले आणि एखाद्यानं गळ्यातला हार उतरवावा तशी टेप उतरवून म्हणाले, "पोरी, प्रत्येक मापात माह्या तोंडचा एक इंच जास्त हाय. तेवढा काढून टाक."

"म्हून माह्या सदऱ्यात मी अन् माहा साळा दोघं मावतो," पायरीवरून आवाज आला.

"तुमचा साळा फुकटात मावला, त्याचं सांगा," इंदुताई म्हणाली.

दीपा मात्र हसली नाही. ती पटकन खाली बसली. एका रांगेत तुकडे सात. सात तुकड्यांचे सात इंच. दोनशे एक्कावन्नातून सात गेले, दोनशे चव्वेचाळीस. दक्षिणेचे दोनशे पंचावन्न, त्यातून सात गेले, दोनशे अठ्ठेचाळीस. दोन्ही रांगा मोठ्या टेपशी तंतोतंत.

"सगळीकडं एकच चूक, आणि सारखी," ती म्हणाली. "काका, अशी चूक करायलासुद्धा नेम लागतो."

"पण दक्षिणेची रांग चार इंच मोठी कशी?" कपिल म्हणाला. "सर, इकडं अजून काही सोडलं का?"

"ते माहं नाई," नागोराव म्हणाले. आदल्या दिवशीचा आवाज परत आला होता. "शेवटची जागा मी आज सकाळी चौसष्ट मोजली, तोंड बंद ठेवून. बाकी जागा साठ. हे चार इंच देवळाचेच हायेत."

दीपानं मंडपाचे दोन्ही कर्ण ताणून घेतले. तेही सारखे आले नाहीत. कोपऱ्यातला खांब खरंच बाहेर सरकलेला होता. पण का, ते टेप सांगत नव्हती.

ते रुखमाबाईंनी सांगितलं. त्या पंच्याऐंशीच्या पुढच्या, रोज उन्हाला देवळाच्या भिंतीशी बसत. दीपा वही घेऊन त्यांच्यापुढं बसली तेव्हा आधी त्यांनी दीपाचं लग्न का झालं नाही हे विचारलं, मग स्वतःच्या लग्नाचं जेवण वाढलं, मग कोपऱ्यावर आल्या.

"त्या कोपऱ्यात पिंपळ उगवला होता वो, छतात. मुळी शिरली अन् वरची लांब तुळई फाटली. सासऱ्यानं गवंडी आनला. त्यानं नवी तुळई घडवली, ते पाच बोटं लांब झाली. सासरा म्हने कापून टाक. गवंडी म्हने, दगड कापाले दोन दिस लागतीन, खांब तर आपन उतरवलाच हाय, बाहीर सरकवून उभा करतो. पाह्यते कोन?"

"कधीची गोष्ट, आजी?"

"माहा थोरला रांगत होता."

"थोरले आता केवढे?"

"बासष्टचा झाला मेला, अजून मलेच चहा मांगते."

म्हणजे एकोणीसशे पंचेचाळीसच्या आसपास. नागोरावांनी आपला पंजा अंगठ्यासकट टेपवर आडवा ठेवला. पाच बोटं, चार इंचांना चिकटून. कपिल नागोरावांच्या खांद्यावर चढून कोपऱ्याच्या तुळईखाली डोकावला. इतर सगळे सांधे कोरडे होते. या एकाच सांध्यात पांढरा चुना होता. दीपानं त्या सांध्याचं चित्र काढलं, बाजूला रुखमाबाईंचं नाव आणि वाक्य लिहिलं, आणि इतका वेळ कागदावर वाकून राहिली की इंदुताईनं चहाचा कप तिच्या हातात बळंच दिला.

"हे कुठंच लिहिलेलं नाही," दीपा म्हणाली. "मी पुन्हा मोजलं असतं तर हे चार इंच टेपची चूक म्हणून सरळ करून टाकले असते."

दुपारी तिनं कोपऱ्यातली चौकट भरायला घेतली. 'मोजमाप' असं लिहून तिनं नागोरावांचं पूर्ण नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, वडिलांच्या नावासकट, सावकाश, न चढवता. मग म्हणाले, "खाली इंदूचं बी लिव्ह. ते नसती तर खांब अजून सतराचाच राह्यला असता."

"जागा कमी आहे, काका."

"मंग माहं बारीक कर."

दीपानं दोन्ही नावं एका मापाची बसवली. पेन्सिल बघून नागोरावांचा चेहरा पडला. "पोरी, हे पुसून जाईन. पक्क्या शाईनं लिव्ह."

तिनं शाईनं लिहिलं. भगवानराव पहिल्यांदा पायरीवरून उठले आणि कागदावर वाकून त्यांनी ती नावं मोठ्यानं वाचली. सगळ्यांना ऐकू गेली तरी नागोराव म्हणाले, "वारा होता. पुन्हा वाचा."

भगवानरावांनी पुन्हा वाचली.