नऊ हजार आठशेची कॉन्ट्रा

‘सदर इसम रंग व हार्डवेअरच्या घाऊक दुकानात हिशेबनीस या पदावर प्रदीर्घ काळ कार्यरत होते. उंची मध्यम, प्रकृती साधारण, चष्मा जाड. विचारल्याशिवाय बोलण्याची सवय नाही. व्यसन, साखर जास्त घातलेला चहा. वर्तणूक निष्कलंक. त्यांच्या संपूर्ण सेवाकाळात रोकडवहीत एकही खाडाखोड आढळली नाही. करिता हे प्रमाणपत्र देण्यात येत आहे.’

मालकांनी हे स्वतः टाइप करून घेतलं होतं आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. खाडाखोड खरंच नव्हती.

हिशेबनिसांचं टेबल दुकानाच्या पोटमाळ्यावर होतं. खाली टर्पेंटाइनचा वास, वर जुन्या कागदांचा. जिना दोघांच्या मधोमध. टेबलावर तीन रकान्यांची रोकडवही. दोन्ही पानांवर सूट, रोख आणि बँक असे तीन-तीन रकाने. डावीकडे आलेलं, उजवीकडे गेलेलं. दिवस मिटताना ते रोखीची शिल्लक काढत, मग बँकेची. सुटीच्या रकान्यांची मात्र नुसती बेरीज. दुकानाने दिलेली सूट डावीकडे, दुकानाला मिळालेली उजवीकडे, दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. नव्या पोरांनी त्यांची वजाबाकी करून शिल्लक काढली की हिशेबनीस चष्म्यावरून बघत. ओरडत नसत. बघणं पुरे व्हायचं.

खाली गल्ल्यावर त्यांची धाकटी बहीण बसे. नवरा गेल्यावर हिशेबनिसांनीच शब्द टाकून तिला तिथे लावलं होतं. तोंडाने फटकळ, हाताने चोख. नोटांच्या गड्ड्या अशा रचायची की मालक म्हणत, “ताई, या खर्च करायला जिवावर येतं.” जिन्यातून वर चहा पाठवायची आणि खालूनच ओरडायची, “दादा, आधी चहा पी, मग शिल्लक काढ. शिल्लक काही पळून जात नाही!”

त्या वर्षी शिल्लक पळाली.

दर शनिवारी हमालांच्या पगारासाठी मालक चेक फाडत, धाकटी बँकेतून रक्कम आणे. वहीत त्याची कॉन्ट्रा पडे. डावीकडे रोखीत आले, उजवीकडे बँकेतून गेले, आणि खातेपानाच्या जागी दोन्हीकडे ‘सी’. म्हणजे हे दुसऱ्या कुठल्या खात्यावर न्यायचं नाही. पैसा घरातल्या घरात या खिशातून त्या खिशात गेला. इतकी वर्षं ‘सी’ लिहून हिशेबनिसांचं पेन त्या जागी आपोआप वळे.

एका शनिवारी चेकबुकात फाडलेल्या चेकची मागे उरलेली स्थळप्रत मिळाली. रक्कम नऊ हजार आठशे, नाव कोरं. मालक घाईत होते. पगाराचा चेक साधारण एवढ्याचाच असे. पेन वळलं. डावीकडे रोख, उजवीकडे बँक, दोन्हीकडे ‘सी’.

संध्याकाळी वहीतली रोख शिल्लक आणि गल्ल्यातली रोकड यांत बरोबर नऊ हजार आठशेची तूट आली. हिशेबनिसांनी बेरजा पुन्हा मारल्या. मग गल्ल्यातली रोकड पुन्हा मोजवली. मग धाकटीला वर बोलावलं.

“या आठवड्यात मी बँकेत गेलेच नाही, दादा,” ती म्हणाली. “विक्री भरपूर होती, पगार गल्ल्यातूनच दिला. विचार हमालांना.”

“पगार दिलास, तो उजवीकडे लिहिलाय. बँकेतून आणलेले कुठे आहेत?”

“आणलेच नाहीत, तर असतील कुठे?”

“वहीत आहेत.”

“मग वहीतून काढ आणि मोज!”

खाली ब्रशचे खोके उतरवणारे हमाल हसले. हिशेबनीस हसले नाहीत. सोमवारी पासबुक भरून आणलं. चेकचा नंबर आणि रक्कम, दोन्ही होतं. बँकेतून पैसे गेले होते, वहीतली बँक शिल्लक पासबुकाशी पैशापर्यंत जुळत होती. जुळणाऱ्या बाजूवर त्यांचा पूर्ण विश्वास बसला, आणि उरली ती बाजू म्हणजे गल्ला.

धाकटीवर ठपका ठेवायला मालक कचरत होते. चेक कोणाला दिला, त्यांना आठवेना. दिवसाला ते पंचवीस सह्या करत. “तुमचीच बहीण आहे, जाऊ द्या. तूट दुकानाच्या खर्चात टाकू.”

हिशेबनीस ताठ झाले. “बहीण आहे म्हणूनच नको. परक्याची असती तर टाकली असती?”

हे वाक्य त्यांना तेव्हा फार आवडलं. घरी बायकोला त्यांनी ते सांगूनही बघितलं. तिने पोळी उलटली आणि म्हणाली, “तुम्ही तिला विचारलंत का नीट?”

“विचारलं की.”

“विचारलंत की तपासलंत?”

धाकटीने शिलाई मशीन विकून रक्कम गल्ल्यात भरली. रोकड वहीशी जुळली, म्हणून वहीत काही लिहावं लागलं नाही. चाव्या टेबलावर ठेवताना तिने एवढंच म्हटलं, “दादा, तू एकदा तरी म्हणायचंस, माझं चुकलं असेल.” आणि जिना उतरली.

वर्षअखेरीस ब्रशच्या कारखान्याचा खातेउतारा आला. येणं बाकी काही नाही, असा. दुकानाच्या वहीत मात्र त्यांचं दहा हजारांचं बिल उभं. हिशेबनिसांनी उतारा ओळीओळीने वाचला. दहा हजारांचं बिल. दोन टक्के सूट दोनशे. चेक मिळाला नऊ हजार आठशे. तारीख त्याच शनिवारची. चेकचा नंबर तोच.

त्यांनी उजव्या पानावरचा सुटीचा रकाना वर्षभराचा चाळला. ते दोनशे कुठेच नव्हते. ज्या रकान्याची कधी शिल्लक काढायची नसते, त्याच्याकडे एरवी बघतो कोण? त्या दिवशी उजवीकडे कारखान्याचं नाव, सुटीत दोनशे, बँकेत नऊ हजार आठशे, एवढंच हवं होतं. डावीकडे काहीच नको होतं. पगाराला पैसे बँकेतून आलेच नव्हते.

दुरुस्ती सोपी होती. चालू तारखेला उजवीकडे कारखान्याचं नाव, सुटीत दोनशे, रोखीत नऊ हजार आठशे, म्हणजे चुकून आत घेतलेली रोख बाहेर. खाडाखोड नाही. आता वहीपेक्षा गल्ल्यात नऊ हजार आठशे जास्त निघाले. ते धाकटीचे. मालकांच्या परवानगीने त्यांनी ते पाकिटात घातले, आणि दोन्ही बाजू पुन्हा जुळल्या. तिचे पैसे आत आले तेव्हा नोंद नव्हती, बाहेर गेले तेव्हाही नव्हती. वही नीट चाळली तरी ती बाई तिथे कधी भेटत नाही.

धाकटी आता एका औषधांच्या दुकानात गल्ल्यावर होती. गिऱ्हाईक होतं, म्हणून हिशेबनीस रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आल्यावर पाकीट पुढे केलं.

“माझं चुकलं होतं,” ते म्हणाले.

तिने नोटा मोजल्या. सवयीने कडा जुळवल्या. “बरोबर आहेत.”

“मालक म्हणतात, परत ये.”

“पावती हवी का?”

“नको.”

“मग सरक, दादा. मागे माणसं आहेत.”

त्यानंतर दर शनिवारी कॉन्ट्रा लिहायच्या आधी हिशेबनीस जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली विचारत, “बँकेतून पैसे आणलेत ना?” गल्ल्यावरच्या नव्या मुलाला वाटे, म्हातारा संशयी आहे. त्यांनी तो गैरसमज कधी दूर केला नाही.

निरोपाच्या दिवशी मालकांनी प्रमाणपत्र मोठ्याने वाचलं. ‘निष्कलंक’पाशी टाळ्या झाल्या. हिशेबनीस दाराजवळच्या एका खुर्चीकडे बघत होते. ती त्यांनी स्वतः मांडून ठेवली होती, तिच्यावर कुणाला बसू दिलं नव्हतं.

धाकटीला निरोप गेला होता. ती आली नाही.