मी सांगितलेला आकडा

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या जोड्या लावल्या तेव्हा माझ्या वाट्याला मांडवगण फराट्याची एक मुलगी आली. ती दौंडला मामांकडं राहून कॉलेज करायची. मी यवतहून रेल्वेनं ये-जा करायचो. ती कमी बोलायची, पण जे बोलायची ते विचार करून. सरांचा लाडका मात्र मी होतो. डिपार्टमेंटच्या कपाटाची किल्ली सर माझ्याकडं द्यायचे, आणि तेवढ्यावर मी वर्गात भाव खायचो.

त्या दिवशी आमच्याकडं बार पेंड्युलम होता. एक मीटर लांबीची, सगळीकडं सारख्या जाडीची लोखंडी पट्टी, तिला ओळीनं भोकं. एकेका भोकातून पट्टी टांगायची, हलकासा झोका द्यायचा, वीस झोक्यांचा वेळ मोजायचा. टोकाजवळचं, म्हणजे मध्यापासून पंचेचाळीस सेंटिमीटरवरचं भोक घेतलं, तर बत्तीस सेकंद लागले.

सर आले. जर्नल चाळता चाळता त्यांनी तिला विचारलं, "आता मध्यापासून पाच सेंटिमीटरवर टांगली तर? वेळ वाढेल की कमी होईल?"

"वाढंल, सर."

सर हसले. "अगं, दोरी आखूड केली की लंबक भरभर हलतो. शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल."

"ते दोरीचं झालं, सर. पट्टी मध्याजवळ टांगली की दोन्ही बाजूंचं वजन जवळजवळ तोललं जातं. तिला परत ओढणारा जोर कमी पडतो, पण फिरवायची पट्टी तर तेवढीच राहते. म्हणून ती हळू हलंल."

आजूबाजूच्या टेबलांवरची पोरं आमच्याकडं वळली. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मोज मग," ते मला म्हणाले. "वीस झोके. आकडा सगळ्यांना ऐकू येईल असा सांग." आणि आमच्याकडं पाठ करून ते खिडकीपाशी गेले.

तिनं पट्टी टांगली. ती झोके मोजत होती, स्टॉपवॉच माझ्या हातात होतं. पट्टी आळसावल्यासारखी हलत होती. चौथ्या-पाचव्या झोक्यालाच मला कळलं की ही बरोबर आहे. तिलाही कळलं. माझ्याकडं बघून ती किंचित हसली. मोजून संपलं तेव्हा घड्याळात बावन्न सेकंदांवर थोडं आलं होतं.

"किती?" सरांनी मागं न बघता विचारलं.

"अठ्ठावीस," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघतच राहिली. "दाखव घड्याळ."

मी बटण दाबलं. पडद्यावर शून्य आलं.

"ऐकलंस?" सर वळले. "घरी शेणगोठा करत बसावं, तर येतात फिजिक्स शिकवायला." पोरं हसली. मीही हसलो. हे लिहिताना जड जातंय, पण मी हसलो होतो.

"सर, मी परत मोजते," ती म्हणाली.

"बाहेर हो."

पुढच्या सोमवारी सरांनी तोच प्रयोग फळ्यावर घेतला. घरी जाऊन त्यांनी पुस्तक उघडलं असणार. लांबीच्या वर्गाचा बारावा भाग, त्यात मध्यापासूनच्या अंतराचा वर्ग; भागिले अंतर गुणिले जी; त्याचं वर्गमूळ, गुणिले दोन पाय. मग आलेख काढला: मध्याजवळ दोलनकाळ वाढत जातो, एकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास सगळ्यांत कमी असतो, पुढं टोकाकडं पुन्हा थोडा वाढतो. सगळं बिनचूक. खडू ठेवत ते तिच्याकडं बघून म्हणाले, "काहींना वाटतं, मध्याजवळ पट्टी भरभर हलते. नीट लिहून घ्या."

तिनं मान खाली घालून लिहून घेतलं. मला वाटलं, ती उठेल, काहीतरी बोलेल. ती उठली नाही.

इंटर्नलला मला वीसपैकी अठरा पडले, तिला सहा. सहामाही संपली आणि ती यायची बंद झाली.

उन्हाळ्यात मी तिच्या गावी गेलो, खरं सांगायचं ठरवूनच. तिचे वडील शेवंती तोडत होते. मी कॉलेजातला म्हटल्यावर त्यांनी हातातलं काम टाकलं, बाजेवर बसवलं, चहा मागवला. "तुम्हीच व्हय तिच्या जोडीला? लई बरं वाटलं बघा. सर म्हणलं, पोरीला इषय झेपत न्हाई. मग म्या बी म्हणलं, कशाला पैसा आन् येळ घालवायचा? तुम्हाला काय वाटतं, खरंच झेपत नव्हतं का तिला?"

चहाचा कप घेऊन ती दारात उभी होती. ती वडिलांकडं नाही, माझ्याकडं बघत होती.

"अवघडच असतो तो विषय," मी म्हणालो.

तिनं कप माझ्यापुढं ठेवला आणि आत गेली. वडील मला एसटीपर्यंत सोडायला आले, वाटेत दोनदा म्हणाले, येत जावा. मी पुन्हा गेलो नाही. पुढच्या दिवाळीनंतर तिचं लग्न झालं, असं तिच्या मामांकडून कळलं.