एकतीसची की एकची

माझ्या भावाची मुलगी न्यू जर्सीला जन्मली, एकतीस डिसेंबरला रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी. त्या घटकेला अमरावतीत एक जानेवारीच्या सकाळचे सात चाळीस झाले होते. भावाचा फोन आला तेव्हा बाबा दाढी करत होते. उरलेल्या अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून त्यांनी मिठाईवाल्याला झोपेतून उठवलं आणि गल्लीभर पेढे वाटले. तेव्हापासून आमच्या घरात एका पोरीचे दोन वाढदिवस. तिचे आईबाप एकतीसला केक कापायचे आणि बाबा एकला. पोरीची अर्थातच काही तक्रार नव्हती.

भाऊ सहकुटुंब अमरावतीला परत आला आणि पोरगी बुद्धिबळाच्या नादी लागली. अकोल्याच्या स्पर्धेत गेल्या वर्षी अकरा वर्षांखालच्या गटात ती अंतिम फेरीत हरली, तिच्याच क्लासच्या एका मुलाकडून. वर्षभर पोरीच्या डोक्यात एकच गोष्ट होती. पुन्हा अकोला, पुन्हा तो, आणि त्याला हरवायचं. जेवतानासुद्धा वरणात बोटानं घोडा चालवायची.

स्पर्धेच्या नोंदणीचं अ‍ॅप मी केलेलं. फुकटात, कारण स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष माझे शाळेतले क्रीडाशिक्षक आणि त्यांना नाही म्हणायची हिंमत मला अजून आलेली नाही. नियम साधा होता. ठरलेल्या वर्षाच्या एक जानेवारीला किंवा त्यानंतर जन्मलेला असेल तरच अकराखाली. भावानं जन्मदाखल्यावरची तारीख भरली, एकतीस डिसेंबर, आणि माझ्याच अ‍ॅपनं माझ्याच भाचीला लाल अक्षरांत सांगितलं की तू तेराखालच्या गटात जा.

पोरगी रडली नाही. ती खोलीत गेली आणि पट मांडून एकटीच बसली. ते रडण्याहून वाईट होतं.

बाबा मात्र माझ्यावर तुटून पडले. "काय करून ठेवलं तुनं हे? पोरगी एक तारखेची आहे. मले फोन कधी आला? सकाळी! ऊन पडलं होतं ऊन!"

"बाबा, ती जिथं जन्मली तिथं एकतीस तारीख होती. दाखल्यावर तेच आहे."

"अन् स्पर्धा कुठं आहे? अमेरिकेत आहे का? अकोल्यात आहे ना? मंग घड्याळ अकोल्याचं लाव!"

मी समजावायला बसले. जन्मतारीख म्हणजे त्या गावच्या कॅलेंडरचं पान. त्याला घड्याळ जोडायचंच नसतं. म्हणून माझ्या अ‍ॅपात तारखेपुढे वेळेची जागाच ठेवलेली नाही. एका शाळेच्या कामात कोणीतरी तारखेला रात्री बाराची वेळ चिकटवून ठेवली होती आणि माहिती ग्रीनिचच्या वेळेवर चालणाऱ्या सर्व्हरवर गेली. इथं मध्यरात्र तेव्हा तिथं आदल्या दिवशीची संध्याकाळ. अख्खी शाळा एका दिवसानं म्हातारी झाली. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुले करता येत नाही का?"

असा संताप आला म्हणता!

स्पर्धेच्या दिवशी बाबा अकोल्याला आमच्या आधी पोचलेले. आम्ही सभागृहात शिरलो तर ते अध्यक्षांसमोर दोन मनगटी घड्याळं आणि एक संत्रं घेऊन बसलेले. संत्रं म्हणजे पृथ्वी. एका बाजूला खिशातल्या पेनानं ठिपका, तो अकोला. दुसऱ्या बाजूचा न्यू जर्सी. चहावाल्याच्या मोबाईलचा टॉर्च, तो सूर्य. भोवती पालकांची ही गर्दी.

"पाहा सर," बाबा संत्रं फिरवत म्हणाले, "आपल्या इथं एक तारीख लागून सात तास होऊन गेले, मंग पोरगी जन्मली. खरं का खोटं?"

"खरं आहे बुवा," अध्यक्ष म्हणाले. कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "हिशोब बरोबर आहे ना?"

"हिशोब बरोबर आहे सर, पण..."

"मंग झालं!" अध्यक्ष मला मधेच तोडत म्हणाले. "भारताची वेळ धर. पण एकीसाठी नाही, सगळ्यांसाठी. बाहेर जन्मलेले अजून कोणी असतील तर त्यांचंही काढ."

बाबांनी विजयानं संत्रं सोलायला घेतलं. भाचीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

बाहेर जन्मलेला आणखी एकच खेळाडू होता. तोच तो, गेल्या वर्षीचा विजेता. त्याचा जन्म मेलबर्नचा. दाखल्यावर एक जानेवारी; पहाटे दोन, ही वेळ त्याच्या आईनं सांगितली. मी मोबाईलवर आकडे मांडले. जानेवारीत तिकडे उन्हाळा, त्यांचं घड्याळ आपल्यापुढे साडेपाच तास. म्हणजे इथं तेव्हा एकतीस डिसेंबर, रात्रीचे साडेआठ. मी पुन्हा मांडले. तेच आलं.

"सर," मी म्हटलं, "भारताची वेळ धरली तर ही आत येते आणि हा बाहेर जातो."

त्याची आई उठली. "काहून बाहेर जातो? सरकारी दाखला आहे माझ्याकडं! एक तारीख लिहिली आहे!"

"आता दाखले चालत नाहीत, संत्रं चालते," मागून कोणीतरी म्हणालं.

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू! दाखला धरला तर मुलगा आत, मुलगी बाहेर. भारताची वेळ धरली तर मुलगी आत, मुलगा बाहेर. दोघांनाही आत घेणारं घड्याळ पृथ्वीवर कुठं असेल तर सांग, असं अध्यक्ष मला काकुळतीनं विचारत होते. होतं, मेलबर्नचं; पण अकोल्याच्या स्पर्धेला मेलबर्नचं घड्याळ लावा म्हणायची हिंमत मला झाली नाही. अखेर घाम पुसत त्यांनी निर्णय दिला. दाखलाच खरा. बाबांच्या हातातली फोड तशीच राहिली.

या सगळ्यात भाचीनं माझी ओढणी खेचली. "आत्या, खरं मोठं कोण आहे? आधी कोण जन्मलं?"

"तो," मी म्हटलं. "अकरा तासांनी मोठा आहे तुझ्यापेक्षा."

"अन् तो लहान गटात?"

"हो."

ती हसली. मला वाटलं रडेल, पण पोटभर हसली. तेराखाली खेळायला गेली, दोन डाव जिंकली, चार हरली. तो अकराखाली पहिला आला. संध्याकाळी बाहेर कडुनिंबाखाली पाहिलं तर दोघं पट मांडून भांडत होते.

"पांढरे मी घेणार, मी लहान आहे," भाची सांगत होती.

"दाखल्यावर मी लहान आहे."

"आत्याले विचार!"

पांढरे तिनं घेतले. बुद्धिबळाचं घड्याळ आत राहिलेलं, म्हणून बाबा मधे बसले, एक मनगटी घड्याळ खिशात घालून दुसरं हातात धरून. दोघांना तेच एक. अंधारून आलं तरी कोणी उठेना. शेवटी त्या मुलानं आपला राजा आडवा केला आणि भाचीनं मारलेली किंकाळी बहुतेक अमरावतीपर्यंत गेली असेल.

परतताना बसमध्ये ती बाबांच्या खांद्याला टेकून बसली होती. बाबा म्हणाले, "यंदा केक एकतीसलेच कापू. एकदाच. दाखल्यावर आहे तेच खरं."

"अन् एक तारखेले, आबा?"

"एक तारखेले पेढे," बाबा म्हणाले. "तू एकतीसची असशील माय. मी आबा एक तारखेले झालो."