ह्यांचा देश, माझे गुण

आमच्या घरात कॅनडा माझ्या आधीपासून होता. लग्न होऊन मी आले तेव्हा ह्यांच्या पलंगाच्या डोक्याशी त्या देशाचा एक मोठा नकाशा चिकटवलेला होता, आणि मी पहिल्याच आठवड्यात तो काढून तिथे आरसा लावायचा म्हटलं तर ह्यांनी आरसा स्वयंपाकघरात नेऊन लावला. पुढची सगळी वर्षं मी भांग पाडायला चुलीजवळ जात असे. बायकोवर प्रेम नव्हतं असं नाही, पण नकाशा आधी.

हे मूळचे काटोलचे. संत्र्याची बाग थोरले दीर बघत. हे एम. ए. झाले, आणि नागपुरात गांधीबागेतल्या कापडाच्या ठोक व्यापाऱ्याकडे इंग्रजी पत्रव्यवहार करायला लागले. मिलला लिहिलेली ह्यांची पत्रं शेठ गिऱ्हाइकांना वाचून दाखवत. पगार मात्र कारकुनाचाच. मी रामदासपेठेत एका दवाखान्यात नर्स होते. मूलबाळ झालं नाही. आम्ही दोघं, आणि रोज जेवताना कॅनडा. तिथे गहू कसा होतो, तळी किती मोठी, हिवाळ्यात गाडी सुरू कशी करतात. मला तिकडे जायची हौस नव्हती. ह्यांना बोलताना बघायची हौस होती.

माझ्याबरोबरची एक नर्स आधीच तिकडे गेली होती. सत्तरचं दशक संपत आलं असेल, तिने माहितीपुस्तिका पाठवली. हे त्या दिवशी जेवले नाहीत. पुस्तिका वाचून झाल्यावर मला समोर बसवून सांगितलं, की तो देश माणसाला परीक्षेसारखे गुण देतो. शंभरापैकी पन्नास मिळवले की पास. शाळेच्या प्रत्येक वर्षाला एक गुण, फार तर बारा. वयाचे दहा, पण ते पस्तिशीपर्यंतच. पुढे वर्षाला एक कमी. इंग्रजीचे पाच, फ्रेंचचे पाच. कामाचं प्रशिक्षण किती, अनुभव किती वर्षांचा, तिकडे त्या कामाला मागणी किती, ह्या सगळ्यांचे वेगळे. आणि दहा गुण मुलाखत घेणाऱ्या साहेबाच्या हातात, माणूस तिकडे निभावून नेईल की नाही हे बघून द्यायचे.

ह्यांनी आपली बेरीज केली. शिक्षणाचे बारा. एम. ए. चं काय, मी विचारलं. एम. ए. ला वेगळं काही नव्हतं, बाराच्या वर रकानाच नव्हता. वय एकोणचाळीस, म्हणून सहा. इंग्रजीचे पाच तर खिशातच. अर्ज ह्यांच्या नावाने गेला. दुसऱ्या कोणाच्या नावाने जाऊ शकतो हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. घरचा कर्ता तोच अर्जदार, त्यात विचारायचं काय?

उत्तर आलं, ते नकाराचं. सभ्य भाषेत लिहिलं होतं, की ह्यांच्या कामाला तिकडे सध्या मागणी नाही. मागणीच्या रकान्यात शून्य पडलं की बाकीचे गुण कितीही असोत, उपयोग नाही. ह्यांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, निदान इंग्रजी चांगलं लिहितात लेकाचे.

मैत्रिणीला कळवलं तर तिने उलट टपालाने मलाच झापलं. नवराबायकोपैकी कोणीही अर्जदार होऊ शकतं, एक पास झालं की दुसरा सोबत येतो, त्याचे गुण कोणी मोजत नाही. तू नर्स आहेस, वय चौतीस आहे, डोळे मिटून बसू नकोस, पुढच्या वर्षानंतर वयाचे गुण कमी व्हायला लागतील.

मला वाटलं हे चिडतील. तसं काही झालं नाही. उलट हे इतके खूश झाले की मला लाज वाटली. "अवं, तू तं पास आहेस वं," असं म्हणून त्यांनी माझी बेरीज मांडायला घेतली. मी अकरावी मॅट्रिक, म्हणून अकरा. वयाचे पूर्ण दहा. फ्रेंचच्या रकान्यात ह्यांनी मोठं शून्य काढलं आणि त्याला मिशा काढल्या. इंग्रजीत मात्र मी कच्ची होते. डॉक्टरांशी बोलण्यापुरतं येत होतं. सलग वाक्य म्हटलं की घाम फुटे.

मग ह्यांनी मला शिकवलं. माझी सकाळपाळी असली की संध्याकाळी, दुपारपाळी असली की सकाळी. मी भाजी चिरत असे आणि हे विचारत, पेशंटला चक्कर आली तर नातेवाइकाला इंग्रजीत काय सांगशील? चुकलं की हे रागावत नसत, तेच वाक्य स्वतः हळू म्हणून दाखवत. अनुभवाचा दाखला मी दवाखान्यातून आणला तर त्यात मोठ्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, की ही चांगल्या घराण्यातली, शांत स्वभावाची मुलगी आहे. हे पोट धरून हसले. तिकडे स्वभावाशी देणंघेणं नव्हतं. कोणत्या वॉर्डात, कोणतं काम, कधीपासून कधीपर्यंत, ते लागत होतं. ह्यांनी शेठच्या टाइपरायटरवर नवा मजकूर करून दिला आणि डॉक्टरांनी निमूट सही केली. माझ्या आयुष्यात माझ्या कामाबद्दल इतकं सविस्तर कोणी लिहिलं नव्हतं. ते वाचून मला पहिल्यांदा वाटलं, आपण जावं. ह्यांच्यासाठी नाही, आपल्यासाठी. ती इच्छा मी ह्यांना सांगितली नाही, पण ती पुढे वाढत गेली.

मुलाखतीला दिल्लीला बोलावलं. दोघांनाही. ह्यांनी टाय घेतला, आणि गाडीत मला सगळी उत्तरं पुन्हा म्हणायला लावली.

साहेब तरुण होता, शांत होता. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, तुम्ही कोणत्या विभागात काम करता? हे म्हणाले, शल्यविभागात. त्याने मला विचारलं, रात्रपाळीला तुमच्या हाताखाली किती जणी असतात? उत्तर ह्यांनीच दिलं, आणि बरोबर दिलं. ह्यात ह्यांचा काही वाईट हेतू नव्हता. आमच्याकडे बँकेत, रेशनच्या दुकानात, डॉक्टरकडेसुद्धा बायकोला विचारलं की नवरा सांगतो, आणि त्यातच काळजी दिसते असं मानतात. साहेबाने दोनदा सांगितलं, अर्जदारालाच बोलू द्या. तिसऱ्यांदा मी अडखळले, शब्द सापडेना, आणि हे पुन्हा धावून आले. तेव्हा साहेबाने ह्यांना बाहेर थांबायला सांगितलं. अगदी नम्रपणे सांगितलं. हे उठले, टाय नीट केला, आणि बाहेर गेले. दार लागताना मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मग मी बोलले. ह्यांनीच शिकवलेलं इंग्रजी, पण हे समोर असताना जे निघत नव्हतं ते निघालं. साहेब लिहीत होता. शेवटी त्याने विचारलं, तुमच्या नवऱ्याच्या कामाला तिकडे मागणी नाही, त्याला नोकरी लागली नाही तर कसं कराल? ह्या प्रश्नाची तयारी आम्ही केली नव्हती. मी म्हटलं, मी दोघांपुरतं कमवीन, आणि ते तिकडचं काही शिकतील; ते फार हुशार आहेत, माझ्यापेक्षा लवकर शिकतील. साहेबाने पेन खाली ठेवला आणि मान डोलावली. पुढे तपासणी आणि कागद पार पडले तर तुम्ही पास आहात, असं त्याने तिथेच सांगितलं.

परतीच्या गाडीत हे मजेत होते. डब्यातल्या अनोळखी माणसाला केळी दिली. मग मला विचारलं, काय काय विचारलं वं त्यानं? मी सगळं सांगितलं, तो शेवटचा प्रश्नही आणि माझं उत्तरही. त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. साहेबाचे ते गुण मला त्याच उत्तराने मिळवून दिले असणार. पण हे खिडकीकडे वळले, आणि नागपूरपर्यंत बाहेरच बघत राहिले.

छातीचे फोटो झाले, रक्त झालं, ऑगस्टमध्ये व्हिसाचे कागद आले. माझ्या नावापुढे मुख्य अर्जदार आणि ह्यांच्या नावापुढे सोबतचा अवलंबित. मी गेल्याशिवाय ह्यांना तिकडे पाऊल टाकता येणार नव्हतं. माझ्याबरोबर किंवा माझ्या मागून, एवढाच नियम. कागदावर शेवटची तारीख होती, पुढच्या वसंतातली.

हे म्हणाले, संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी होऊ दे, भावाला एकट्याला झेपत नाही. तोडणी झाली. मग शेठच्या मुलीचं लग्न. मग दिरांच्या हर्नियाचं ऑपरेशन. मग म्हणाले, तू हो पुढे, मी मागून येतो. मी तयार झाले, लोकरीचं सामान घेतलं, आणि मग ह्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की मागून कोणी येणार नाही. माझा संताप झाला. मी विचारलं, तुम्हीच ना शिकवलं मला, तुम्हीच ना लिहिलं सगळं, मग आता काहून?

ह्यांनी नकाशाकडे बघितलं. मग म्हणाले, "मले जायचं होतं वं. कोणी नेऊन सोडावं असं नव्हतं."

एकटी जाऊ शकत होते, कागद माझा होता. गेले नाही. ह्यांना सोडून जाण्याइतकी ती इच्छा मोठी नव्हती, आणि विसरून जाण्याइतकी लहानही नव्हती. तारीख उलटली त्या दिवशी मला दुपारपाळी होती, मी गेले. परत आले तर नकाशा भिंतीवर नव्हता. त्या जागी भिंतीचा रंग वेगळा दिसत होता, आणि जेवताना आम्ही काय बोलायचं ते दोघांनाही सुचेना. ते पुढेही कधी फारसं सुचलं नाही. पुढे तिकडे मंदी आली आणि नोकरीचं पत्र हातात असल्याशिवाय कोणाला घेईनात, म्हणून पुन्हा अर्ज करण्याचा प्रश्नच उरला नाही. आम्ही भांडलो नाही, अबोला धरला नाही. एका घरात दोन चांगले भाडेकरू राहतात तसे राहिलो.

काही वर्षांनी नियम पुन्हा सैल झाले. आमच्या गल्लीतला एक तरुण ह्यांच्याकडे विचारायला आला. तो दुकानात हिशेब लिहायचा, बायको प्रयोगशाळेत रक्त तपासायची. हे किती वर्षांनी त्या विषयावर बोलत होते. मी आत चहा करत होते. हे त्याला नीट समजावत होते, वय, भाषा, अनुभव, मागणी. मग तो म्हणाला, अर्ज माझ्याच नावानं करतो, घरचे काय म्हणतील?

"नाही," हे म्हणाले. "बायकोच्या नावानं कर. आणि मुलाखतीत तिलेच बोलू दे, तू चूप बस. तिनं नेलं तं जा गा. त्यात कमी होत नाही माणूस."

मी कप ट्रेमध्ये मांडले होते. ट्रे मला उचलता येईना. बाहेरून ह्यांनी दोनदा हाक मारली, चहा झाला का म्हणून, आणि मी आतून होतोय, होतोय, असं म्हणत राहिले.